लेबलं पिसून बघा: पर्म्युटेशन टेस्ट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दोन ग्रुप आहेत, दोघांच्या सरासरीत फरक दिसतोय, आणि प्रश्न एवढाच की हा फरक खरंच काहीतरी सांगतोय की नुसत्या योगायोगानेही एवढा फरक पडला असता. यासाठी टी-टेस्टपासून अनेक पद्धती आहेत, पण मला विचाराल तर नवीन माणसाने आधी पर्म्युटेशन टेस्ट शिकावी, कारण यात टेबलं नाहीत, फॉर्म्युला जवळजवळ नाहीच, आणि प्रत्येक पायरीला आपण काय करतोय ते डोळ्यांसमोर दिसतं. पत्ते पिसता येत असतील तर टेस्ट करता येते. अवघड भाग वेगळाच आहे, तो म्हणजे नेमकं काय पिसायचं हे ठरवणं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात, त्यामुळे या लेखाचा बराचसा वेळ मी तिथेच घालवणार आहे.

एक छोटं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून राहू. आकडे मी मुद्दाम समजावण्यासाठी बनवलेत, हाताने मोजता यावेत म्हणून लहान ठेवलेत.

आठ कुंड्या आहेत, प्रत्येकीत एकच रोप. आठ चिठ्ठ्या केल्या, चारवर "खत" लिहिलं, चारवर "साधं", डब्यात हलवल्या आणि एकेका कुंडीसाठी एकेक चिठ्ठी काढली. मग चिठ्ठीप्रमाणे खत घातलं किंवा नाही घातलं, ठरलेल्या दिवशी उंची मोजली. सेंटीमीटरमध्ये आकडे असे आले:

खत: १७, २१, १९, २३
साधं: १४, १८, १५, १३

खताच्या ग्रुपची सरासरी २०, साध्याची १५, फरक ५ सेंटीमीटर. बघताक्षणी वाटतं की खताने काम केलं. पण रोपं काही एकसारखी नसतात, खत न घालताही कुठलं १३ वाढतं कुठलं २३, आणि असंही होऊ शकतं की जी रोपं तशीही जोमाने वाढणार होती त्यांच्याच वाट्याला नेमक्या खताच्या चिठ्ठ्या आल्या.

पायरी १: "काहीच झालं नाही" असं धरून चाला

क्षणभर असं माना की खताचा शून्य परिणाम झाला. एकाही रोपावर नाही, ना चांगला ना वाईट. मग २३ सेंटीमीटर वाढलेलं रोप साध्या ग्रुपात असतं तरी २३ च वाढलं असतं, आणि १३ वालं खताच्या ग्रुपात असतं तरी १३ च राहिलं असतं. म्हणजे आठही आकडे आधीच ठरलेले आहेत, चिठ्ठ्यांवर काय आलं याने त्यांना काहीच फरक पडत नाही, चिठ्ठ्या म्हणजे नुसती चिकटवलेली लेबलं झाली.

हे नीट डोक्यात बसू द्या, घाई करू नका, कारण पूर्ण टेस्ट याच एका वाक्यावर उभी आहे. लेबलांना अर्थ नसेल तर ती लेबलं काढून, पिसून, पुन्हा कशीही चिकटवली तरी चालेल, आणि प्रत्येक नव्या चिकटवणीतून जो फरक निघेल तो "नुसत्या चिठ्ठ्यांच्या नशिबाने एवढाही फरक पडू शकतो" याचा नमुना असेल.

पायरी २: काय मोजायचं ते आधी ठरवा

आपण सरासरीतला फरक मोजतोय. मीडियनमधला फरकही चालेल, अगदी तुमच्या कामाला जो आकडा महत्त्वाचा तो कुठलाही चालेल, ही या टेस्टची मोठी सोय आहे. फक्त अट अशी की तो आकडा डेटा बघायच्या आधी ठरलेला हवा. सरासरीने बघितलं जमलं नाही, मीडियनने बघितलं जमलं नाही, मग खताचं सगळ्यात मोठं रोप वजा साध्याचं सगळ्यात मोठं रोप करून बघितलं आणि जमलं, असं केलंत तर शेवटी येणाऱ्या पी-व्हॅल्यूला, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक येण्याच्या शक्यतेला, काही किंमत राहत नाही, कारण तुम्ही तीन वेळा लॉटरी काढून एकदाच काढली म्हणून सांगताय.

तसंच दिशेचंही. "खताने वाढतं का" एवढाच प्रश्न आहे की "खताने फरक पडतो का, मग वाढू दे नाहीतर खुंटू दे"? पहिला एकतर्फी, दुसरा दुतर्फी. खत जास्त झालं तर रोप खुंटतंही, त्यामुळे इथे मी दुतर्फीच घेणार, म्हणजे फरक अधिक ५ आला काय आणि उणे ५ आला काय, दोन्ही सारखेच "मोठे" मानणार.

पायरी ३: पिसा आणि पुन्हा मोजा

आठही आकडे आठ कागदांवर लिहा, पालथे घाला, पिसा, पहिले चार "खत" म्हणा उरलेले चार "साधं". खरंच एकदा हाताने करून बघा, कॉम्प्युटरकडे नंतर जाऊ.

समजा पहिल्या वेळी खताकडे १७, १४, २३, १३ आले. बेरीज ६७. आठही आकड्यांची बेरीज १४० आहे, म्हणून साध्याकडे ७३. सरासरी १६.७५ आणि १८.२५, फरक उणे १.५. पुन्हा पिसलं, आता खताकडे २३, २१, १४, १७, बेरीज ७५, समोर ६५, फरक अधिक २.५. असं दहा-बारा वेळा केलंत की एक गोष्ट हाताला जाणवायला लागते, की फरक शून्याच्या आसपास घुटमळतोय, दोन-तीनपर्यंत सहज जातोय, पण पाच काही पटकन येत नाहीये.

पायरी ४: किती वेळा एवढा किंवा याहून मोठा फरक आला ते मोजा

आठातून चार निवडायचे एकूण ७० प्रकार आहेत. सत्तरच, म्हणून रँडम पिसायचीही गरज नाही, सगळे तपासता येतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ साली चहाच्या कपांचा जो प्रसिद्ध प्रयोग लिहिला, ज्यात चार कपांत दूध आधी आणि चार कपांत चहा आधी ओतलेला असतो आणि चव घेऊन ते ओळखायचं असतं, त्यातही हेच ७० आहेत, आणि सगळे कप नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता म्हणून ७० मध्ये १.

आपल्या कुंड्यांसाठी प्रश्न असा, की सत्तरपैकी किती वाटण्यांमध्ये फरक ५ किंवा त्याहून जास्त येतो? फरक ५ म्हणजे खताकडची बेरीज ८० किंवा वर. सगळ्यात मोठे चार आकडे घेतले, २३, २१, १९, १८, तर बेरीज ८१, फरक ५.५. त्यातला १८ काढून १७ घातला की ८०, ही तर आपली खरी वाटणीच. त्यानंतरची २३, २१, १८, १७ म्हणजे ७९, ती नापास. म्हणजे वरच्या बाजूला फक्त दोन. खालच्या बाजूला त्यांचीच आरशातली रूपं, म्हणजे हेच चार मोठे आकडे साध्याकडे गेले तर, तीही दोन. एकूण चार.

चार भागिले सत्तर, ०.०५७. हीच पी-व्हॅल्यू.

आता या आकड्याचा अर्थ नीट वाचा. खताचा काहीच परिणाम नसता, तरीही नुसत्या चिठ्ठ्यांच्या वाटपाने ५ किंवा त्याहून मोठा फरक, या किंवा त्या बाजूला, शंभरातून साधारण सहा वेळा आलाच असता. एवढंच. "खत बिनकामाचं असण्याची शक्यता ६ टक्के आहे" असा त्याचा अर्थ नाही, आणि "९४ टक्के खात्री आहे" असाही नाही. पायरी १ मध्ये आपण परिणाम शून्य आहे हे मानूनच सुरुवात केली होती, मग ते खरं असण्याची शक्यता त्याच हिशोबातून कशी निघेल?

आणि इथे एक मोह होतो तो सांगून टाकतो. एकतर्फी मोजलं असतं तर सत्तरपैकी दोनच, म्हणजे ०.०२९, आणि ज्याच्या खाली आलं की फरक नुसता योगायोग नाही असं लोक मानतात ती ०.०५ ची रेघ पार झाली असती. ०.०५७ बघितल्यावर "तसंही मला वाढच बघायची होती" असं आठवायला लागतं. आकडा बघितल्यावर आठवलेली दिशा धरू नका, पायरी २ मध्ये जे ठरलं तेच लिहा.

छोट्या डेटाला तळ असतो

हे फार कमी लोक नवशिक्यांना सांगतात. सत्तरच वाटण्या असतील तर दुतर्फी पी-व्हॅल्यू जास्तीत जास्त लहान किती होईल? दोन भागिले सत्तर, ०.०२९. खताने रोपं छताला लागली तरी याच्या खाली जाणार नाही. तीन-तीन कुंड्या असत्या तर सहातून तीन म्हणजे २० वाटण्या, तळ २ भागिले २०, म्हणजे ०.१. तीन-तीनच्या प्रयोगात ०.०५ गाठणं दुतर्फी टेस्टने अशक्यच आहे, डेटा कितीही सुंदर असला तरी. म्हणून प्रयोग करायच्या आधी हा हिशोब करा, नंतर नाही. पाच-पाच घेतल्या की वाटण्या २५२ होतात, सहा-सहा घेतल्या की ९२४, म्हणजे ग्रुपमागे एक-दोन कुंड्या वाढवल्या तरी केवढा फरक पडतो बघा.

आणखी एक गंमतशीर पण महत्त्वाची गोष्ट. समजा २३ लिहिताना हात घसरला आणि ४३ लिहिलं गेलं. खताची सरासरी २० वरून २५ झाली, फरक ५ चा थेट १० झाला, दुप्पट. पी-व्हॅल्यू किती झाली असेल? तीच, ०.०५७. मोजून बघा, आता खताकडची बेरीज १०० आहे, ती गाठायला ४३ हवाच आणि सोबतच्या तिघांची बेरीज निदान ५७ हवी, ते फक्त २१, १९, १८ किंवा २१, १९, १७ यांनीच जमतं, म्हणजे पुन्हा दोन वाटण्या आणि त्यांची दोन आरशातली रूपं. कारण सोपं आहे, तो ४३ पिसताना प्रत्येक वेळी सोबत फिरतो, ज्या ग्रुपात पडेल त्याला वर ओढतो, त्यामुळे योगायोगाने येणारे फरकही तेवढेच मोठे होतात. ही टेस्ट एखाद्या भलत्या आकड्याने सहजासहजी खोटी ग्वाही देत नाही ती यामुळेच. पण फरक म्हणून तुम्ही जो १० छापणार तो मात्र चुकीचाच राहतो, म्हणून टेस्टच्या आधी डेटा डोळ्यांखालून घालायला पर्याय नाही.

पायरी ५: कॉम्प्युटरवर

बारा-बाराचे ग्रुप झाले की वाटण्या २७,०४,१५६ होतात, आणि वीस-वीसला तर सगळ्या मोजण्यात काही अर्थच नाही. मग सगळ्या मोजण्याऐवजी काही हजार वेळा रँडम पिसायचं आणि त्यातून अंदाज घ्यायचा. कोड एवढाच:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(42)

a = np.array([17, 21, 19, 23])
b = np.array([14, 18, 15, 13])
sab = np.concatenate([a, b])
n = len(a)
obs = a.mean() - b.mean()

N = 9999
count = 0
for _ in range(N):
    p = rng.permutation(sab)
    d = p[:n].mean() - p[n:].mean()
    if abs(d) >= abs(obs) - 1e-9:
        count += 1

print(obs, (count + 1) / (N + 1))
```

आधी हाच छोटा डेटा घालून चालवा. उत्तर ०.०५७ च्या अगदी जवळ यायला हवं, नाही आलं तर कोडमध्ये काहीतरी चुकलंय, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

यातल्या तीन जागा नीट बघा, कारण तिन्ही ठिकाणी लोक अडकतात.

पहिली म्हणजे `rng.permutation`. हे आकडे नुसते पिसतं, प्रत्येक आकडा एकदाच येतो. त्याऐवजी `rng.choice` वापरलंत तर ते बाय डीफॉल्ट आकडा परत डब्यात टाकून पुन्हा काढतं, म्हणजे २३ दोनदा येईल आणि १३ येणारच नाही. ते बूटस्ट्रॅपसारखं झालं, ती वेगळी पद्धत आहे, वेगळ्या कामाची. एरर काही येत नाही, उत्तरही ठीकठाक दिसतं, म्हणून ही चूक लक्षात येत नाही.

दुसरी, `>=` आणि ते `1e-9`. "एवढा किंवा याहून मोठा" म्हणजे बरोबरीचाही धरायचा. आपल्या उदाहरणात चारपैकी दोन वाटण्या बरोबरीच्याच आहेत, `1e-9` शिवाय नुसतं `>` लिहिलं असतं तर पी-व्हॅल्यू निम्मी झाली असती. आणि दशांश आकडे असले की कॉम्प्युटरला ०.३ आणि ०.३ हे शेवटच्या कुठल्यातरी घरात वेगळे दिसतात, म्हणून ती इवलीशी सूट.

तिसरी, वरखाली दोन्हीकडे मिळवलेला एक. दहा हजार वेळा पिसून एकदाही एवढा फरक आला नाही तर लोक पी-व्हॅल्यू शून्य लिहितात. शून्य असूच शकत नाही, कारण तुमच्या हातात आहे ती खरी वाटणी हीदेखील शक्य वाटण्यांपैकीच एक आहे, तिला मोजावंच लागतं. म्हणून ९,९९९ वेळा पिसा, स्वतःची एक धरा, आणि लहानात लहान उत्तर ०.०००१ येईल. ९,९९९ हा विचित्र दिसणारा आकडा वापरतात तो यासाठीच, एक मिळवला की गोल होतो.

किती वेळा पिसायचं? खरी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या आसपास असेल तर ९९९ वेळा पिसून उत्तर साधारण ०.०३६ ते ०.०६४ मध्ये कुठेही येऊ शकतं, म्हणजे आज एका बाजूला उद्या दुसऱ्या बाजूला. ९,९९९ ला ते ०.०४६ ते ०.०५४ एवढं आवळतं. मी सुरुवातीला हजारभर वेळा चालवून कोड नीट आहे का बघतो आणि शेवटचं उत्तर ९,९९९ किंवा त्याहून जास्तने काढतो. `42` हा सीड आहे, तो दिला की दर वेळी तेच उत्तर येतं, दुसऱ्याला तपासता येतं. पण सीड बदलून बदलून ०.०५१ चं ०.०४९ करत बसायचं नाही, काठावर असाल तर पिसायची संख्या वाढवा.

तयार फंक्शन हवं असेल तर `scipy.stats.permutation_test` आहे, शक्य वाटण्या कमी असतील तर ते आपोआप सगळ्या मोजतं. दुतर्फी काढताना ते दोन बाजूंपैकी लहान बाजूची दुप्पट घेतं, वरच्या कोडसारखं `abs` करत नाही, त्यामुळे दोन्ही ग्रुप सारख्या आकाराचे नसतील तर दोन्हीकडची उत्तरं थोडी वेगळी आली तर घाबरू नका. पण पहिल्यांदा स्वतःचं लूप लिहाच, कारण पुढचा भाग लूप लिहिलेल्यालाच नीट कळतो.

नेमकं काय पिसायचं

आता मुख्य मुद्दा. नियम एकच आहे: चिठ्ठ्या जशा वाटल्या होत्या, अगदी तशाच पुन्हा वाटायच्या. प्रयोगात जे एकक चिठ्ठीला बांधलेलं होतं, तेच पिसायचं.

माझ्याकडून यात एकदा मोठी चूक झालीय, ती सांगतो. चार ट्रे होते, प्रत्येकात दहा रोपं, दोन ट्रेंना एक प्रकारचा प्रकाश आणि दोनांना दुसरा. चाळीस रोपं मोजली, चाळीस आकडे शीटमध्ये टाकले, चाळीसच्या चाळीस लेबलं पिसली, आणि पी-व्हॅल्यू इतकी लहान आली की मी ते लगेच पुढे पाठवून दिलं. ज्यांना पाठवलं त्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "चिठ्ठी रोपाला काढली होती का ट्रेला?" ट्रेला. मग ट्रेच पिसायला हवे होते. चार ट्रेंतून दोन निवडायचे प्रकार फक्त सहा, दुतर्फी तळ २ भागिले ६, म्हणजे ०.३३. त्या पूर्ण प्रयोगातून ०.३३ पेक्षा लहान पी-व्हॅल्यू निघूच शकत नव्हती, आणि मी ०.००१ च्या खालचा आकडा घेऊन बसलो होतो.

असं का होतं? एका ट्रेमधली दहा रोपं एकाच मातीत, एकाच कोपऱ्यात, पाणी घालणाऱ्याच्या एकाच हाताखाली असतात, म्हणून ती एकमेकांसारखी वाढतात, प्रकाशाचा काही संबंध नसला तरी. एखादा ट्रे सरसकट चांगला, एखादा सरसकट मरतुकडा. आपण रोपं सुटी करून पिसतो तेव्हा चांगल्या ट्रेमधली पाच इकडे पाच तिकडे जातात, ट्रे-ट्रेमधला फरक पिसण्यातच विरघळून जातो, आणि योगायोगाचे फरक अगदी छोटे दिसायला लागतात. पण खऱ्या वाटपात ट्रे कधीच फुटला नव्हता, तो अख्खाच्या अख्खा एका बाजूला गेला होता. म्हणजे आपण तुलना करत होतो ती अशा वाटण्यांशी ज्या प्रयोगात घडूच शकत नव्हत्या.

हे रोपांपुरतं नाही. एकाच माणसाचे वीस वेळा घेतलेले रीडिंग, एका वर्गातली मुलं, एका वॉर्डातले पेशंट, एका दिवसातले तास, सगळीकडे हेच. ओळखायची खूण सोपी आहे: तुमच्या शीटमधल्या ओळी जास्त आणि चिठ्ठ्या कमी असतील तर थांबा. मार्गही सोपा आहे, आधी प्रत्येक ट्रेची सरासरी काढा, चाळीस आकड्यांचे चार करा, आणि ते चार पिसा. चार फार कमी वाटतात? कमीच आहेत, आणि ते टेस्टने नाही सुटणार, पुढच्या वेळी ट्रे वाढवावे लागतील, ट्रेमधली रोपं नाही.

जोड्यांचंही असंच. समजा सारख्या दिसणाऱ्या रोपांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला खत दिलं. मग सगळे आकडे एकत्र पिसायचे नाहीत, प्रत्येक जोडीच्या आतच लेबलांची अदलाबदल होऊ शकते, म्हणजे त्या जोडीतल्या फरकाचं चिन्ह अधिकचं उणे होतं, बास. सहा जोड्यांना २ चा सहावा घात म्हणजे ६४ वाटण्या, तळ ०.०३१. पाच जोड्यांना ३२, तळ ०.०६२५, म्हणजे पाच जोड्यांनी दुतर्फी ०.०५ कधीच गाठता येत नाही. फिशरने डार्विनच्या मक्याच्या रोपांवर हेच करून दाखवलं होतं: परपरागणाने आणि स्वपरागणाने तयार झालेल्या रोपांच्या १५ जोड्या, चिन्हं फिरवायचे ३२,७६८ प्रकार, त्यातल्या १,७२६ मध्ये फरक खऱ्याएवढा किंवा मोठा, म्हणजे पी-व्हॅल्यू सुमारे ०.०५३. कॉम्प्युटर नसताना. `scipy` मध्ये जोड्यांसाठी `permutation_type='samples'` द्यायचं, न दिलं तर ते सुटे दोन ग्रुप समजून सगळं एकत्र पिसतं.

आणि चिठ्ठ्या काढल्याच नसतील तर? म्हणजे ग्रुप आधीपासूनच तसे होते, उदाहरणार्थ सकाळी येणारे आणि संध्याकाळी येणारे लोक. टेस्ट चालवता येते, पण तिचा अर्थ पातळ होतो. तेव्हा "लेबल कुणालाही लागलं असतं" हे चिठ्ठीच्या डब्याने दिलेलं नसून तुम्ही मानून घेतलेलं असतं. पी-व्हॅल्यू लहान आली तर एवढंच म्हणता येतं की दोन ग्रुप सारखे नाहीत, ते सकाळ-संध्याकाळमुळे आहे की सकाळी येणारे मुळातच वेगळे लोक आहेत हे पिसून कळत नाही.

सरासरी सारखी पण पसारा वेगळा

याच संदर्भात एक मर्यादा. पिसणं हे "दोन्ही ग्रुप सगळ्याच बाबतीत सारखे" असं मानून होतं, फक्त सरासरी सारखी असं नाही. आधीपासून वेगळे असलेले ग्रुप घेतलेत, त्यात एक ग्रुप लहान आणि त्याचे आकडे खूप पसरलेले, दुसरा मोठा आणि आकडे एकमेकांना चिकटून, तर सरासरीत खरा फरक नसतानाही टेस्ट जास्त वेळा "फरक आहे" म्हणून ओरडते. कारण पिसल्यावर लहान ग्रुपमध्ये बहुतेक चिकटलेले आकडेच येतात आणि त्याची सरासरी खऱ्यापेक्षा फार स्थिर दिसते. अशा वेळी नुसत्या फरकाऐवजी फरक भागिले त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो फरक नशिबाने साधारण किती हलतो त्याचा अंदाज, हा आकडा प्रत्येक पिसण्यात काढून त्याची तुलना करा, यालाच वेल्चचा टी म्हणतात, त्याने हा त्रास बराच आवरतो. दोन्ही ग्रुप सारख्या आकाराचे असतील तर मुळातच त्रास कमी होतो. खात्री कशी करायची, तर टेस्टच्या आधी दोन्ही ग्रुपचे ठिपके एका रेषेवर काढून बघा, एक पसरलेला एक आवळलेला असेल तर डोळ्यांना लगेच दिसतं.

पायरी ६: टेस्टचीच टेस्ट

नवीन डेटावर माझा कोड बरोबर पिसतोय का हे बघायला मी एकच गोष्ट करतो. फरक नसलेला खोटा डेटा बनवतो, पण रचना खऱ्या प्रयोगासारखीच, म्हणजे ट्रे असतील तर ट्रे, आणि प्रत्येक ट्रेला स्वतःचं थोडं वर-खाली. त्यावर टेस्ट चालवतो, पी-व्हॅल्यू लिहून ठेवतो, पुन्हा नवा खोटा डेटा, असं हजार वेळा. टेस्ट बरोबर असेल तर ०.०५ च्या खाली साधारण पन्नासच वेळा जायला हवं, छोट्या डेटात तळामुळे त्याहूनही कमी. दोनशे-तीनशे वेळा जात असेल तर तुम्ही चुकीची गोष्ट पिसताय. चाळीस रोपांची माझी चूक यात पहिल्याच फेरीत पकडली गेली असती. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पाठवायच्या आधी करा, नंतर नको.

रिपोर्टमध्ये पी-व्हॅल्यू एकटी लिहू नका, सोबत फरक लिहा, काय पिसलं ते लिहा, किती वाटण्या तपासल्या ते लिहा. आपल्या आठ कुंड्यांचं मी असं लिहीन: "खताच्या चार कुंड्यांची सरासरी उंची साध्या चारपेक्षा ५ सेंटीमीटर जास्त होती. लेबलं कुंडीला चिठ्ठी काढून दिली होती, म्हणून कुंड्यांची लेबलं पिसली. सर्व ७० वाटण्या तपासल्या, दुतर्फी पी-व्हॅल्यू ०.०५७, आणि या आकाराच्या प्रयोगात ती ०.०२९ पेक्षा लहान येऊ शकत नाही."